इन्सुलिनची ४० ची आणि १०० ची सिरिंज: अदलाबदल झाली तर काय होते?

इन्सुलिन घेणाऱ्या बहुतेकांना आपला डोस तोंडपाठ असतो. "सकाळी वीस, संध्याकाळी बारा." पण हे वीस युनिट कोणत्या सिरिंजने मोजले, असे विचारले की अनेकजण गोंधळतात. सिरिंज म्हणजे सिरिंज, असेच त्यांना वाटत असते. आपल्याकडे मात्र इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात. एक ४० ची आणि दुसरी १०० ची. दोन्हींवर २० ची रेघ असते, पण त्या रेघेपर्यंत भरलेले इन्सुलिन सारखे नसते. बाटली एका प्रकारची आणि सिरिंज दुसऱ्या प्रकारची असेल तर डोस अडीच पट होतो, नाहीतर निम्म्याहूनही कमी होतो.

हा फरक नेमका कशामुळे पडतो, चूक झाली असेल तर घरच्या घरी कशी ओळखायची आणि ती सापडल्यावर काय करायचे, ते या लेखात पाहू.

युनिट म्हणजे काय, रेघ म्हणजे काय?

युनिट हे इन्सुलिनच्या ताकदीचे माप आहे. सिरिंजच्या नळीत मात्र ताकद मोजता येत नाही, तिथे फक्त द्रव मोजता येतो. एक मिली द्रवात किती युनिट इन्सुलिन मिसळले आहे हे कंपनीने ठरवलेले असते, आणि तोच आकडा बाटलीवर छापलेला असतो.

दोन कप पाण्याचा विचार करा. एका कपात दोन चमचे साखर घातली आणि दुसऱ्यात पाच चमचे. दोन्ही कप वरून सारखेच दिसतात, पण दोन्हींतून एकेक घोट घेतला तर दुसऱ्या घोटातून अडीच पट साखर पोटात जाते. ४० च्या आणि १०० च्या इन्सुलिनमध्ये हेच प्रमाण आहे. ४० च्या बाटलीतल्या एक मिलीमध्ये ४० युनिट असतात, १०० च्या बाटलीतल्या एक मिलीमध्ये १०० युनिट.

सिरिंजवरच्या रेघा या हिशेबाने छापलेल्या असतात. ४० च्या सिरिंजमध्ये एक मिलीचे ४० भाग केलेले असतात, १०० च्या सिरिंजमध्ये त्याच एक मिलीचे १०० भाग. त्यामुळे ४० च्या सिरिंजवर २० ची रेघ अर्ध्या मिलीवर येते. १०० च्या सिरिंजवर तीच २० ची रेघ एक पंचमांश मिलीवर, म्हणजे ०.२ मिलीवर येते. थोडक्यात, सिरिंजवरचा आकडा त्याच ताकदीच्या इन्सुलिनपुरताच खरा असतो. बाटली बदलली की तो आकडा खोटा ठरतो.

आपल्याकडे दोन प्रकार का आहेत?

इन्सुलिनचा शोध लागल्यानंतर सुरुवातीची अनेक दशके जगभर वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या वापरात होत्या. त्यातून होणारे घोटाळे टाळण्यासाठी अमेरिकेने १९७० च्या दशकात १०० ची एकच ताकद स्वीकारायला सुरुवात केली आणि ब्रिटनने १९८३ मध्ये तसाच बदल केला. भारतात मात्र बाटलीतून मिळणारे नेहमीचे इन्सुलिन आजही बहुतांशी ४० च्याच ताकदीचे असते. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही साधे, मध्यम कालावधीचे आणि ३०/७० मिश्र इन्सुलिन ४० च्याच ताकदीत आहे.

पण आपल्याकडे १०० चे इन्सुलिनही सर्रास वापरले जाते. पेनमध्ये घालायची कार्ट्रिज १०० ची असते. ग्लार्जिनसारखे काही नव्या प्रकारचे इन्सुलिन बाटलीतूनही १०० च्या ताकदीत मिळते. त्यामुळे एकाच औषध दुकानात, कधी एकाच फ्रिजमध्ये, दोन्ही ताकदीचे इन्सुलिन शेजारी शेजारी असते आणि त्यासोबत दोन्ही प्रकारच्या सिरिंजही असतात.

सातारा-सांगली भागात या गोंधळाला आणखी एक कारण आहे. इथल्या अनेक रुग्णांचे औषध एकाच ठिकाणाहून येत नाही. डॉक्टर मिरजेचे असतात, बाटली तालुक्याच्या दुकानातून येते आणि सिरिंज संपल्या की गावातल्या मेडिकलमधून आणल्या जातात. साताऱ्याकडची मुले मुंबईला नोकरीला असतात, विटा-आटपाडीकडची मंडळी गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत, आणि सुट्टीला येताना आई-वडिलांसाठी दोन-तीन महिन्यांची औषधे घेऊन येतात. बाटली एकाने आणि सिरिंज दुसऱ्याने आणली की दोन्हींवरचे आकडे जुळवून पाहणारे कोणीच नसते.

चुकीचा पहिला प्रकार: बाटली ४० ची, सिरिंज १०० ची

यात इन्सुलिन कमी जाते. १०० च्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत, म्हणजे ०.२ मिली, ४० चे इन्सुलिन भरले तर प्रत्यक्षात ८ च युनिट शरीरात जातात.

वरवर पाहता हा प्रकार कमी धोक्याचा वाटतो, कारण लगेच काही होत नाही. शुगर हळूहळू वाढत राहते. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र हा प्रकारही तातडीचा आहे. त्यांच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ नसते, त्यामुळे डोस निम्म्याहून खाली गेला तर काही दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, रक्तात कीटोन साचून मूल गंभीर आजारी पडू शकते. खूप तहान, वारंवार लघवी, पोटदुखी, उलट्या आणि खोल, जोरजोराचा श्वास ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

मोठ्या वयाच्या टाइप २ रुग्णांमध्ये या चुकीचा खरा फटका बऱ्याचदा नंतर बसतो. चूक दुरुस्त होते त्या दिवशी. हे नीट समजावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण सविस्तर पाहू.

आजींचे उदाहरण

समजा, कराडजवळच्या एका गावात ६४ वर्षांच्या एक आजी आहेत. त्यांना ३०/७० मिश्र इन्सुलिन सुरू केले. बाटली ४० ची. डोस सकाळी २० आणि संध्याकाळी १२ युनिट. गावातल्या दुकानात ४० च्या सिरिंज नव्हत्या, म्हणून नातू १०० च्या घेऊन आला. आजी सकाळी २० च्या रेघेपर्यंत भरतात, संध्याकाळी १२ च्या.

प्रत्यक्षात त्यांना सकाळी ८ आणि संध्याकाळी जेमतेम ५ युनिट मिळत आहेत. पंधरा दिवसांनी उपाशीपोटीची शुगर २६० च्या वर. डॉक्टर विचारतात, "इन्सुलिन रोज घेता ना?" आजी म्हणतात, "एक दिवस चुकवलं नाही." दोघेही खरेच बोलत आहेत. डॉक्टर डोस ३० आणि २० करतात. पुढच्या भेटीत ४० आणि २४. आता शुगर आटोक्यात येते, उपाशीपोटी १३० च्या आसपास. चिठ्ठीवर सकाळचा डोस ४० युनिट लिहिलेला आहे, पण आजींच्या शरीरात जातात १६ युनिट. त्यांची गरजही तेवढीच आहे.

दिवाळीत आजी सांगलीला लेकीकडे येतात. बाटली सोबत आणली, सिरिंज मात्र गावी राहिल्या. लेक बाटली घेऊन जवळच्या दुकानात जाते. दुकानदार बाटली पाहून अगदी योग्य अशी ४० ची सिरिंज देतो. सकाळी आठ वाजता चिठ्ठीप्रमाणे ४० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन भरून दिले जाते. या खेपेला पूर्ण ४० युनिट शरीरात जातात, म्हणजे नेहमीच्या अडीच पट.

त्या दिवशी कोणाचेच काही चुकलेले नसते. बाटली बरोबर, सिरिंज बरोबर, चिठ्ठीप्रमाणे डोस. तरीही अकराच्या सुमारास आजींना दरदरून घाम येतो, हात थरथरतात, त्या असंबद्ध बोलू लागतात. शुगर ४६. ग्लुकोज पाजल्यावर पंधरा मिनिटांनी ८४ होते आणि आजी नीट बोलू लागतात.

इथे "बरं झालं, उतरलं" म्हणून थांबले तर घात होतो. मिश्र इन्सुलिनचा ३० टक्के भाग लवकर काम करतो आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो. उरलेला ७० टक्के भाग सावकाश काम करतो. त्याचा जोर दुपारनंतर वाढतो आणि तो रात्रीपर्यंत टिकू शकतो. चाळीस युनिटमधले २८ युनिट हे असे सावकाश चालणारे आहेत. आजींच्या नेहमीच्या १६ युनिटमध्ये हा भाग फक्त ११ च्या आसपास असायचा. म्हणजे सकाळची शुगर सावरली तरी दुपारी ती पुन्हा कोसळण्याची शक्यता मोठी आहे. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन देखरेखीखाली ठेवणेच योग्य.

हाच प्रसंग वेगळ्या रूपातही घडतो. रुग्ण दुसऱ्याच कारणासाठी, समजा मोतीबिंदूच्या किंवा हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी, भरती होतो. कागदावर "४० युनिट" असते आणि वॉर्डमध्ये सिस्टर योग्य सिरिंजने ४० युनिट देतात. म्हणून भरती होताना चिठ्ठीबरोबर घरची बाटली आणि घरची सिरिंजही नेऊन दाखवा.

चुकीचा दुसरा प्रकार: इन्सुलिन १०० चे, सिरिंज ४० ची

यात पहिल्याच इंजेक्शनला अडीच पट डोस जातो. म्हणून हा प्रकार लगेच जिवावर बेतू शकतो. तो साधारणपणे दोन वाटांनी घडतो.

पहिली वाट म्हणजे इन्सुलिन बदलते आणि सिरिंज जुनीच राहते. रुग्ण वर्षानुवर्षे ४० च्या बाटलीवर असतो. डॉक्टर रात्रीसाठी ग्लार्जिन सुरू करतात आणि १०० ची बाटली मिळते. घरात ४० च्या सिरिंजचे पाकीट उरलेले असते, ते वाया कशाला घालवायचे म्हणून तीच वापरली जाते. १६ युनिटचा डोस ४० च्या सिरिंजवर १६ च्या रेघेपर्यंत भरला की ते ०.४ मिली होते, आणि १०० च्या बाटलीतले ०.४ मिली म्हणजे ४० युनिट. ग्लार्जिनचा परिणाम सुमारे २४ तास टिकतो. त्यामुळे रात्री दिलेल्या डोसने पहाटे झोपेतच शुगर उतरू शकते आणि दुसऱ्या दिवशीही पुन्हा पुन्हा उतरू शकते.

दुसरी वाट पेनची. पेन बिघडते, हरवते किंवा पेनच्या सुया संपतात. जतसारख्या ठिकाणी रात्री आठ वाजता दुसरे पेन कुठून आणणार? मग घरातले कोणीतरी पेनमधली कार्ट्रिज काढून तिच्या रबरातून सिरिंजने इन्सुलिन ओढते. पेनवर १८ चा डोस असतो, म्हणून सिरिंजवरही १८ पर्यंत. पण कार्ट्रिज १०० ची असते. तीन मिलीच्या त्या छोट्या नळीत ३०० युनिट असतात. ४० च्या सिरिंजने १८ च्या रेघेपर्यंत ओढले तर ४५ युनिट येतात.

कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढणे एरवीही चुकीचे आहे. त्यामुळे आत हवा शिरते आणि तीच कार्ट्रिज पुन्हा पेनमध्ये घातली तर पेनचे माप बिघडते. पेन वापरणाऱ्यांनी जास्तीच्या सुया जवळ ठेवाव्यात. पेन बिघडले तर काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

सिरिंज नेमकी कशी ओळखायची?

सर्वात सोपी खूण टोपणाची. सुईवरचे टोपण लाल असेल तर सिरिंज ४० ची, नारिंगी असेल तर १०० ची. पण फक्त टोपणावर विसंबू नका. लाल आणि नारिंगी रंग बल्बच्या पिवळ्या उजेडात सारखेच वाटतात. वयस्कर डोळ्यांना आणि मोतीबिंदू असलेल्यांना तर हा फरक दिवसाही कळत नाही. शिवाय अनेक घरांत एक सिरिंज पुन्हा वापरली जाते. घरात दोघांना इन्सुलिन असेल तर एकाचे टोपण दुसऱ्याच्या सिरिंजला बसवले जाते आणि रंगाची खूणच खोटी ठरते.

खरी खूण नळीवर छापलेली असते. सिरिंजच्या नळीवर इंग्रजीत यू-४० किंवा यू-१०० असे लिहिलेले असते. ते वाचा. अक्षर बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहा.

काहीजण शेवटचा आकडा पाहतात. तो ४० असेल तर ४० ची, १०० असेल तर १०० ची. एक मिलीच्या सिरिंजला हे लागू पडते. पण १०० च्या सिरिंज अर्ध्या मिलीच्या आणि ०.३ मिलीच्याही मिळतात. त्यांवर शेवटचा आकडा ५० किंवा ३० असतो, आणि त्या ४० च्या सिरिंजसारख्याच वाटतात. म्हणून शेवटचा आकडा हा पुरावा मानू नका, यू पुढचा आकडाच पाहा.

बाटलीवर इन्सुलिनच्या नावाजवळ ४० आययू प्रति मिली किंवा १०० आययू प्रति मिली असे छापलेले असते. बाटलीच्या झाकणाच्या किंवा खोक्याच्या रंगावरून ताकद ठरवू नका. ते रंग इन्सुलिनचा प्रकार ओळखण्यासाठी असतात आणि त्यांचा सिरिंजच्या टोपणाशी संबंध नसतो. लाल झाकणाची बाटली म्हणजे लाल टोपणाची सिरिंज, असा मेळ मुळीच घालू नका.

आधीपासून चूक होत असेल तर कसे कळेल?

यासाठी एक साधा हिशेब आहे. तुमची बाटली किती दिवस पुरते ते पाहा.

४० ची दहा मिलीची बाटली म्हणजे ४०० युनिट. रोजचे सगळे डोस मिळवा आणि ४०० ला त्या आकड्याने भागा. आजींचा सुरुवातीचा डोस २० आणि १२, म्हणजे दिवसाला ३२ युनिट. ४०० भागिले ३२ म्हणजे साडेबारा दिवस. त्यांची बाटली बारा दिवसांत संपायला हवी होती. १०० च्या सिरिंजमुळे ती महिनाभर पुरत होती. डोस एकदाही चुकवला नाही आणि तरी बाटली अडीच पट दिवस चालली, तर सिरिंजवर संशय घ्यायलाच हवा.

१०० च्या बाटलीसाठी उलटा हिशेब. दहा मिलीत १००० युनिट असतात. रोज २० युनिट लागत असतील तर ती ५० दिवसांचा साठा आहे. (उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते, म्हणून थोडे इन्सुलिन उरणे अपेक्षितच आहे.) पण हीच बाटली वीस दिवसांत रिकामी झाली तर अडीच पट इन्सुलिन जात असण्याची शक्यता आहे.

दिवसांचा हिशेब थोडा मागेपुढे होऊ शकतो. हवा काढताना काही थेंब जातात, एखादी बाटली फुटते. म्हणून एक-दोन दिवसांच्या फरकाने घाबरू नका. दुपटीच्या वर फरक असेल तर मात्र बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.

चूक सापडली. आता काय करायचे?

अनेक दिवस १०० च्या सिरिंजने ४० चे इन्सुलिन घेत होतात असे लक्षात आले, तर घाईने योग्य सिरिंज आणून चिठ्ठीवरचा डोस घेऊ नका. आजींच्या उदाहरणात धोका तिथेच होता. आधी तुमचा खरा डोस किती होता ते काढा. १०० च्या सिरिंजवर ज्या रेघेपर्यंत भरत होतात तो आकडा अडीचने भागा. ५० च्या रेघेपर्यंत भरत असाल तर खरा डोस २० युनिट. शुगरच्या नोंदी घेऊन डॉक्टरांना हा आकडा सांगा. योग्य सिरिंज सुरू करताना ते नवा डोस या खऱ्या डोसच्या आधाराने ठरवतील. आणि चिठ्ठीवरचा जुना, फुगलेला आकडा खोडून नवा लिहून घ्या, कारण तोच आकडा पुढच्या दवाखान्यात वाचला जाणार असतो.

अडीच पट डोस नुकताच गेला आहे असे लक्षात आले, तर लक्षणे येण्याची वाट पाहू नका. लगेच शुगर तपासा, रुग्णाला खायला द्या, डॉक्टरांना फोन करा आणि रुग्णालयात जायची तयारी करा. जाताना बाटली आणि वापरलेली सिरिंज सोबत घ्या. कोणते इन्सुलिन किती गेले यावरून किती तास देखरेख लागेल ते ठरते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर इन्सुलिनचा परिणाम आणखी लांबतो, ते आवर्जून सांगा.

शुगर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर चहाचे तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्धा कप पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजूनही कमी असेल तर पुन्हा तेवढेच द्या. पेढा, लाडू यांसारख्या तुपा-खव्याच्या गोड पदार्थांनी शुगर लवकर चढत नाही. रुग्ण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या घेत असेल तर साखरेचाही परिणाम उशिरा होतो. अशा घरात ग्लुकोज पावडरच ठेवा.

रुग्ण बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. पाणी नको, साखरही नको, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

रात्रीची वेळ, हातात चुकीचीच सिरिंज. मग?

सर्वात चांगला मार्ग म्हणजे योग्य सिरिंज मिळवणे. ते शक्यच नसेल तर आधी डॉक्टरांना फोन करा. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा त्यांना वाचून दाखवा आणि कोणत्या रेघेपर्यंत भरायचे ते त्यांच्याकडून पक्के करून घ्या. बोलणे समजावे म्हणून ४० च्या बाटलीसाठी १०० ची सिरिंज वापरावी लागल्यास हिशेब असा असतो:

| डॉक्टरांनी दिलेला डोस | १०० च्या सिरिंजवरची रेघ |
|---|---|
| ८ युनिट | २० |
| १० युनिट | २५ |
| १६ युनिट | ४० |
| २० युनिट | ५० |
| २४ युनिट | ६० |

म्हणजे डोसला अडीचने गुणायचे. हा तोडगा त्या एका वेळेपुरताच. तो रोजची सवय झाला की आठवड्याभरात घरातल्या कोणालाच आठवत नाही की "पन्नास" हा डोस आहे की रेघ.

उलट प्रकार, म्हणजे १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेणे, घरी करूच नका. तिथे गुणायच्या ऐवजी भागायचे असते, आणि विसरले तर थेट अडीच पट डोस जातो. शिवाय त्या सिरिंजवर एक रेघ इकडे-तिकडे झाली की अडीच युनिटचा फरक पडतो. साध्या दोन किंवा पाच मिलीच्या सिरिंजने तर अंदाजाने इन्सुलिन कधीच घेऊ नका.

चूक होऊच नये म्हणून

दुकानात नुसती "इन्सुलिनची सिरिंज" मागू नका. बाटली किंवा तिचा फोटो दाखवा आणि "चाळीसची द्या" किंवा "शंभरची द्या" असे आकड्यानिशी सांगा. दुकानातून निघण्याआधी दोन्हींवरचा आकडा जुळवा. "चाळीसची नाही, हीच चालेल" असे कोणी म्हटले तर घेऊ नका.

घरी बाटली फ्रिजमध्ये असते आणि सिरिंज कपाटात. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरात बाटलीचा आकडा लिहून चिकटवा आणि सिरिंजच्या डब्यावरही तोच लिहा. घरात दोन ताकदीचे इन्सुलिन असेल तर दोन डबे वेगळे ठेवा, आणि डब्यांवर रुग्णाचे नाव आणि आकडा दोन्ही लिहा. डॉक्टरांनी इन्सुलिन बदलले आणि ताकदही बदलली, तर जुन्या सिरिंज त्याच दिवशी घरातून काढून टाका.

चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून मागा: इन्सुलिनचे नाव, ४० की १००, किती युनिट, आणि कोणती सिरिंज. "युनिट" हा शब्द पूर्ण लिहिलेला असावा. त्याचे इंग्रजी आद्याक्षर घाईत लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात. ब्रिटनमध्ये २०१० साली याच कारणाने हा शब्द संक्षिप्त न लिहिण्याची सूचना सर्व रुग्णालयांना देण्यात आली होती.

परदेशी मुलांकडे जाणार असाल तर पुरेशा सिरिंज इथूनच सोबत न्या. बहुतेक प्रगत देशांत माणसांसाठी फक्त १०० चे इन्सुलिन आणि १०० च्याच सिरिंज मिळतात. अमेरिकेत ४० ची सिरिंज मुख्यतः कुत्र्या-मांजरांच्या इन्सुलिनसाठी विकली जाते. तिकडून कोणी इन्सुलिनची बाटली आणली तर ती १०० ची आहे असे समजूनच डॉक्टरांना दाखवा, मग वापरा.

आणि इंजेक्शन भरण्याआधी रोज एक गोष्ट करा. बाटली एका हातात, सिरिंज दुसऱ्या हातात धरून दोन्हींवरचे आकडे मोठ्याने वाचा. चाळीस-चाळीस किंवा शंभर-शंभर. आकडे जुळले तरच दट्ट्या ओढा.